उभ्या रेघांची आडवी पट्टी: एका टेबलाच्या रेंडरचं प्रकरण

टेबल अजून बनायचं होतं. ओकच्या सहा फळ्या डिंकाने जोडून केलेला टॉप, चार चौकोनी पाय, टॉपखाली आडव्या पट्ट्या, समोर दोन ड्रॉवर, ड्रॉवरना ब्रश केलेल्या स्टीलची चपटी हँडलं आणि वायरी खाली सोडायला टॉपमध्ये स्टीलचं एक गोल झाकण. मापं कारखान्याने दिली होती: टॉप १५०० बाय ७५०, जाडी २८ मिलिमीटर, पाय ६० बाय ६०, एकूण उंची ७५०. माझ्या सहकारीने ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं आणि त्यातल्याच सायकल्स इंजिनमध्ये रेंडर काढलं. मॉडेलमध्ये एकाही मापाची चूक नव्हती. उजेड चांगला होता. लाकडाचं चित्रही ४०९६ पिक्सेलचं, उत्तम प्रतीचं होतं.

तरी ते टेबल खोटं वाटत होतं. बराच वेळ आम्ही दोघं प्रकाशाशीच खेळत बसलो. शेवटी रेंडर कारखान्यातल्या मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी पाच सेकंदं पाहिलं आणि टॉपखालच्या पुढच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ही अशी कापली तर हातात मोडेल हो. रेघ उभी चाललीय की!"

पट्टी १३८० मिमी लांब आणि ९० मिमी रुंद, आणि तिच्यावरची लाकडाची रेघ त्या ९० मिमीच्या दिशेने. लाकूड तंतूंच्या दिशेने भक्कम असतं, तंतूंना आडवं सहज फाटतं. म्हणून लांब पट्टी नेहमी अशी काढतात की रेघ तिच्या लांबीने जाईल. उभ्या रेघांची आडवी पट्टी काढायची तर जवळजवळ दीड मीटर रुंदीचं झाड लागेल, आणि काढली तरी ती वजन पेलणार नाही. बघणाऱ्याला हे सगळं शब्दांत सांगता येत नाही, पण आयुष्यभर दारं, खुर्च्या, खिडक्या बघितलेल्या डोळ्याला ते खटकतंच. आम्हाला खटकत होतं, नाव देता येत नव्हतं.

चूक नेमकी कुठे होती

मटेरियल उघडलं तर `Texture Coordinate` नोडचं `Generated` हे टोक `Mapping`मधून `Image Texture`ला जोडलेलं, आणि `Image Texture`मध्ये `Projection` या जागी `Box`. एकच मटेरियल सगळ्या तुकड्यांना. घाईत सगळेच असं करतात, कारण UV, म्हणजे चित्र पृष्ठभागावर कुठे कसं बसेल याचा सपाट नकाशा, उलगडायची कटकट वाचते आणि लगेच सगळीकडे लाकूड दिसायला लागतं.

`Generated` काय करतं ते समजलं की पुढचं सगळं उलगडतं. प्रत्येक वस्तूभोवती तिला जेमतेम मावेल असा एक खोका कल्पायचा आणि त्याची लांबी, रुंदी, उंची तिन्ही ० ते १ धरायची. खोका दीड मीटरचा असो की सहा सेंटिमीटरचा, आकडे तेच. म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक बाजूवर अख्खं चित्र एकदाच ताणून बसतं. चौरस चित्र लांबोळ्या बाजूवर गेलं की एका दिशेने ताणलं जातं, दुसऱ्या दिशेने दाबलं जातं.

आमच्या चित्रात रेघा उभ्या होत्या. `Box` प्रक्षेपणात त्या टॉपवर लांबीने आल्या आणि पायांवर उंचीने आल्या, दोन्ही ठिकाणी योगायोगाने बरोबर. पुढच्या पट्टीवर आणि ड्रॉवरच्या दर्शनी फळ्यांवर मात्र त्या उभ्याच राहिल्या. सर्वांत मोठ्या पृष्ठभागावर दिशा बरोबर असल्यामुळेच आम्हाला शंका आली नाही.

दिशेपेक्षा मोठा घोळ मापाचा होता, आणि तो मोजून काढल्यावर आम्हीच चकित झालो. चित्राच्या एका भागात रेघा सरळ होत्या. तिथे १०२४ पिक्सेलमध्ये २० वलयं मोजली, म्हणजे अख्ख्या रुंदीत साधारण ८०. मिस्त्रींकडून त्याच ओकच्या फळीचा एक तुकडा आणून त्यावर फूटपट्टी ठेवली: १०० मिमीत २५ वलयं, म्हणजे एकेक वलय ४ मिमीचं. त्या हिशेबाने आमचं चित्र खऱ्या जगात ३२० मिमी रुंदीचा तुकडा होता. आता ते कुठे किती ताणलं गेलं ते बघा. टॉपच्या ७५० मिमीत ८० वलयं, म्हणजे एकेक ९ मिमीहून जास्त. पुढच्या पट्टीच्या १३८० मिमीत ८०, म्हणजे एकेक १७ मिमी. पायाच्या ६० मिमीत ८०, म्हणजे एकेक पाऊण मिलिमीटर. एकाच टेबलाची पट्टी आणि पाय यांच्या वलयांत २३ पटींचा फरक. पाय डोंगरावर हळूहळू वाढलेल्या झाडाचे आणि पट्टी कुठल्या राक्षसी झाडाची, असं ते टेबल होतं.

मोजताना एक काळजी घ्यावी लागते. झाडाच्या मध्याला न जाता सरळ कापलेल्या फळीवर मधोमध कमानीसारखी, ज्वाळेसारखी नक्षी दिसते. तिथे करवत वलयांना तिरकी छेदून गेलेली असते, त्यामुळे एकच वलय पृष्ठभागावर पसरून चार-पाच पट रुंद दिसू शकतं. मोजणी नेहमी कडेच्या सरळ रेघांच्या भागात करायची, चित्रातही आणि खऱ्या फळीवरही. कमानीत मोजलं तर उत्तर भलतंच येतं.

आधी फळ्या, मग चित्र

टॉपचं मॉडेल म्हणजे एक सपाट ठोकळा होता. खरा टॉप सहा फळ्यांचा, प्रत्येकी १२५ मिमी रुंद. ही गोष्ट टेक्स्चरने लपवता येत नाही. ७५० मिमी रुंदीवर एकच अखंड कमान दिसली की बघणाऱ्याला छापील कागद आठवतो. म्हणून पहिलं काम मॉडेलिंगचं होतं: टॉपच्या सहा वेगळ्या फळ्या, कडांना जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा गोलवा. जोडाची रेषा लांबून जवळपास दिसत नाही, पण प्रत्येक फळीवरचं लाकूड वेगळं असल्याचं लगेच जाणवतं, आणि डोळा तेवढ्यावरच विश्वास ठेवतो.

इथेच कारखान्याला विचारायचा एक प्रश्न होता, जो आम्ही आधी विचारला नव्हता: हे भरीव लाकूड आहे की बोर्डावर व्हीनिअर? भरीव असेल तर टॉपच्या आखूड कडेला फळ्यांची तोंडं दिसतात, म्हणजे वलयांचे कंस. व्हीनिअर असेल तर तिथे चिकटवलेली पट्टी असते आणि तिची रेघ कडेच्या लांबीने धावते. दोन्ही खरं दिसू शकतं, पण एकाच टेबलात दोन्ही नाही. उत्तर भरीव असं आलं.

३२० मिमीचं जुनं चित्र दीड मीटरच्या फळीला पुरणार नव्हतं. जवळजवळ पाच वेळा पुनरावृत्ती झाली असती आणि तीच गाठ पाच वेळा एका ओळीत आली असती. त्याऐवजी अख्ख्या फळीचं चित्र शोधलं: ८१९२ बाय १०२४ पिक्सेल, रेघा आडव्या, सोबत दिलेलं माप २४०० बाय ३०० मिमी. दिलेल्या मापावर आंधळा विश्वास ठेवू नये. पुन्हा सरळ भागात मोजलं. दहा वलयांना १४० पिक्सेल लागले. १०२४ भागिले ३०० म्हणजे एका मिलिमीटरला ३.४ पिक्सेल, तेव्हा एक वलय ४ मिमीच्या जवळ. मिस्त्रींच्या तुकड्याशी जुळलं.

आता दिशा. यासाठी मी एक नियम कायमचा ठरवून टाकला आहे: प्रत्येक लाकडी तुकडा स्वतःच्या X अक्षाच्या दिशेने लांब बनवायचा, जणू तो सुताराच्या बाकावर आडवा ठेवलाय. पाय असेल तरी आडवाच बनवायचा आणि मग वस्तू म्हणून उभा फिरवायचा. फिरवल्यावर `Ctrl+A` मधून `Scale` लावायचं, `Rotation` मात्र लावायचं नाही. `Rotation` लावलं की तुकड्याचा स्वतःचा X पुन्हा खोलीच्या X शी जुळतो आणि "लांबी म्हणजे X" ही माहिती हरवते. `Scale` लावणं मात्र सोडून चालत नाही. सहकारीने सगळे तुकडे मूळ घन ताणून केले होते, त्यामुळे आत बिंदूंचे आकडे अजून १ आणि -१ च होते. ब्लेंडरच्या दृष्टीने पाय आणि टॉप दोन्ही दोन मीटरचे घन होते.

एवढं झालं की UV हाताने उलगडण्याची गरज उरत नाही. मीटरमधलं माप चित्राच्या मापाने भागलं की झालं. तुकडा निवडून, `Object Mode`मध्ये, UV थर असल्याची खात्री करून हे चालवलं:

```python
import bpy
L, W = 2.4, 0.3
me = bpy.context.object.data
uv = me.uv_layers.active.data
for p in me.polygons:
    for i in p.loop_indices:
        co = me.vertices[me.loops[i].vertex_index].co
        v = co.y if abs(p.normal.z) > 0.5 else co.z
        uv[i].uv = (co.x / L, v / W)
```

`L` आणि `W` म्हणजे चित्राची खरी लांबी-रुंदी मीटरमध्ये. वरच्या-खालच्या बाजूंना रुंदी Y वरून घेतली जाते, पुढच्या-मागच्या बाजूंना Z वरून. तुकड्याची दोन टोकं यात बरोबर येत नाहीत, तिथे नुसते ओढलेले पट्टे दिसतात. टोकांना वेगळं मटेरियल द्यायचंच होतं, म्हणून फिकीर केली नाही. `Smart UV Project` इथे का वापरलं नाही, असं कुणी विचारेल. ते जागा वाचवायला UV चे सुटे तुकडे, म्हणजे बेटं, हवी तशी फिरवतं, आणि फिरलेलं प्रत्येक बेट म्हणजे चुकीच्या दिशेची रेघ. दगड, सिमेंट, चामडं यांना ते चालून जातं.

हे चालवल्यावर लगेच लाकूड लावून बघायचं नाही. आधी `Color Grid` प्रकारचं चौकटींचं चित्र लावायचं. आमचं मटेरियलचं चित्र ८ ला १ या प्रमाणाचं असल्यामुळे चौकटी लांबट दिसायला हव्यात, पण पाय, टॉप, पट्टी, ड्रॉवर सगळीकडे सारख्याच लांबट आणि सगळीकडे तुकड्याच्या लांबीने. एक पाय वेगळा दिसला. त्याचं `Scale` लावायचं राहिलं होतं. लाकडाच्या चित्रात ही चूक दोन दिवसांनी सापडली असती.

फळ्या मांडणं

मांडणी मात्र हाताने केली. सहा फळ्यांसाठी १.१२५ चौरस मीटर लाकूड लागतं आणि चित्रात आहे फक्त ०.७२. म्हणजे कुठेतरी पुनरावृत्ती अटळ. नोडमधून `Random Per Island` जोडून फळ्या आपोआप सरकवता येतात, आणि चाळीस फळ्यांची जमीन असेल तर मी तेच करेन. पण सहा फळ्यांत दोन सारख्या शेजारी आल्या तर सगळं फसतं, आणि यदृच्छेला शेजार कळत नाही. UV एडिटरमध्ये एकेक फळी उचलून ठेवायला पंधरा मिनिटं लागली. दोन फळ्या कमानींच्या भागावर, बाकीच्या सरळ रेघांवर, आणि तीन फळ्या १८० अंशांत उलट्या. उलटी केलेली फळी नवीच वाटते.

ड्रॉवरच्या दोन दर्शनी फळ्या मिस्त्री एकाच पाटातून कापणार होते. म्हणून त्यांची UV एकापुढे एक ठेवली: ६६० मिमीचा पहिला, म्हणजे U मध्ये ०.२७५, मग करवतीने खाल्लेल्या ३ मिमीची फट, मग दुसरा. नक्षी एका ड्रॉवरवरून दुसऱ्यावर वाहत जाते. मला विचाराल तर या एका गोष्टीने रेंडरमध्ये जितका फरक पडला तितका प्रकाश बदलून पडला नाही.

टॉपच्या पुढच्या २८ मिमी कडेवर सरळ रेघांचा भाग आणला. वर कमानी असलेल्या फळीच्या कडेवर सहसा सरळ रेघाच येतात, कारण तिथे करवतीने वलयं जवळजवळ काटकोनात कापलेली असतात. आखूड कडेला प्रत्येक फळीच्या तोंडाचं वेगळं चित्र, वरच्या नक्षीशी जुळणारं: वर कमान असेल तर तोंडावर पसरट कंस, वर सरळ रेघा असतील तर तोंडावर उभ्या रेघा. तोंडं बाकीच्या लाकडापेक्षा थोडी गडद आणि कमी चमकती ठेवली. उघडी तोंडं तेल जास्त पितात.

फिरवलं ते कुठे फिरवलं

हे सगळं करण्याआधी सहकारीने पट्टीची रेघ आडवी करायचा एक झटपट उपाय केला होता, आणि त्यातून निघालेली चूक सांगायलाच हवी, कारण ती सहज दिसत नाही. तिने पट्टीपुरतं `Generated`ऐवजी `UV` जोडलं, `Projection` `Flat` केलं आणि `Mapping` नोडमध्ये `Rotation`चा Z ९० केला. रेघ आडवी झाली. पण बाजूने येणाऱ्या प्रकाशात लाकडाची छिद्रं विचित्र दिसू लागली: खोलगट असायला हवीत तिथे सपाट, आणि सपाट असायला हवं तिथे पुसट उंचवटे.

कारण नॉर्मल मॅपमध्ये आहे. त्या चित्राचा लाल रंग पृष्ठभाग U च्या दिशेने किती झुकलाय ते सांगतो, हिरवा V च्या दिशेने. `Normal Map` नोड ती U-V ची दिशा वस्तूच्या UV नकाशावरून घेतो. `Mapping` नोडने चित्र वाचायची जागा फिरवली, पण दिशा फिरवली नाही. त्यामुळे आडव्या केलेल्या छिद्रांवर उभ्या छिद्रांचा उजेड पडला. `Box` प्रक्षेपणात तर UV शी काही संबंधच उरत नाही, तिथे नॉर्मल मॅप वापरूच नये. उंचीचं चित्र `Bump` नोडमधून द्यावं. फोटो एडिटरमध्ये नॉर्मल मॅपचं चित्र फिरवलं तरी हीच गत. UV एडिटरमध्ये बेट फिरवलं तर मात्र दिशाही बरोबर फिरते. आता रेघेसाठी तिथे काटकोनात फिरवण्याची वेळच येत नव्हती, कारण तुकडे जन्मतःच X दिशेने लांब होते.

आणखी एक: नॉर्मल आणि रफनेसच्या चित्रांना `Color Space` `Non-Color` असावं लागतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी राहतं. आमचंही रफनेसचं राहिलं होतं.

धातू: न दिसणाऱ्या रेघा

हँडल आणि झाकण यांना सहकारीने ओरखड्यांचं एकच चित्र लावलं होतं. ओरखडे जवळजवळ एक मिलिमीटर रुंद दिसत होते, जणू कुणी हँडल करवतीने घासलंय. ती म्हणाली, चित्र लहान करते. केलं. मग ते किलबिलायला लागलं, ठिपके-ठिपके, आणि सॅम्पल वाढवले तरी जाईना.

इथे थांबून हिशेब केला. मुख्य दृश्यात दीड मीटरचं टेबल २४०० पिक्सेलमध्ये बसत होतं, म्हणजे एका मिलिमीटरला १.६ पिक्सेल. एक पिक्सेल सुमारे ०.६ मिमी. ब्रश केलेल्या स्टीलवरचे ओरखडे मिलिमीटरच्या काही शतांशांचे असतात. एका पिक्सेलमध्ये दहाबारा ओरखडे मावतात. खऱ्या फोटोतही ते वेगवेगळे दिसणार नाहीत. दिसते ती त्यांची एकत्रित करामत: दिव्याची चमक ओरखड्यांना आडवी ताणली जाते. म्हणजे या अंतरावर ओरखडे चित्रातून काढून टाकायचे आणि काम `Principled BSDF`च्या `Anisotropic`कडे द्यायचं. ओरखड्यांचं चित्र काढलं, `Metallic` 1, `Roughness` 0.25, `Anisotropic` 0.7. किलबिल संपली.

लाकडाच्या छिद्रांनाही हाच न्याय लागतो. ओकची मोठी छिद्रं साधारण ०.३ मिमीची, म्हणजे मुख्य दृश्यात अर्ध्या पिक्सेलची. तिथे नॉर्मल मॅप जोरात लावला तर फक्त खरखर मिळते. मुख्य दृश्यासाठी तो जवळजवळ शून्यावर आणला, जवळच्या दृश्यासाठी परत वाढवला.

मग दिशा. धातूला निसर्गाने दिलेली रेघ नसते, ती यंत्राने दिलेली असते. म्हणून प्रश्न बदलतो: हे कशावर घासलं? हँडल १६० बाय २० मिमीची चपटी पट्टी, लांबीच्या दिशेने घासलेली. `Tangent` नोड `UV Map` वर ठेवला. पहिल्या रेंडरमध्ये चमक हँडलच्या लांबीने पसरली. हे उलटं होतं. लांबीने घासलेल्या पट्टीवर चमक रुंदीने ताणली जाते, दिव्याचा आडवा पट्टा हँडल ओलांडून जातो. `Anisotropic Rotation` 0.25 केलं. तिथे 1 म्हणजे पूर्ण फेरा, तेव्हा 0.25 म्हणजे काटकोन. चमक जागेवर आली.

गोल झाकणाचं मी गृहीत धरून चालणार होतो आणि बरं झालं विचारलं. पत्रा आधी घासून मग गोल कापला असता तर त्यावर सरळ समांतर रेघाच आल्या असत्या, आणि तेही खरंच दिसलं असतं. पण हे झाकण लेथवर फिरवून घासलं जाणार होतं, म्हणजे ओरखडे एकाच केंद्राभोवतीची वर्तुळं. अशा तबकडीवर चमक पंख्याच्या दोन पात्यांसारखी केंद्रातून बाहेर पसरते. `Tangent` नोड `Radial`, अक्ष `Z`. तरी पंखा काही येईना, चमक एका बाजूला तिरकी ओढलेली दिसत होती. झाकण टॉपच्याच जाळीत जोडलेलं होतं, त्यामुळे वर्तुळांचं केंद्र टेबलाच्या मध्यावर पडत होतं आणि झाकण बिचारं त्या अवाढव्य वर्तुळाच्या एका कोपऱ्यात. वेगळी वस्तू केल्याबरोबर दोन पाती उमटली.

बरोबर झालंय की नाही हे तपासायची एक साधी युक्ती आहे. एकच छोटा दिवा ठेवायचा आणि झाकण Z भोवती फिरवायचं. झाकण फिरलं तरी पाती जागच्या जागी राहायला हवीत, कारण वर्तुळं फिरवली तरी तशीच असतात. पाती झाकणाबरोबर फिरली तर दिशा अजून UV वरूनच येते आहे असं समजावं. कॅमेरा किंवा दिवा हलवला तर मात्र पाती हललीच पाहिजेत.

जवळचं दृश्य

कारखान्याला हँडलचा एक जवळचा फोटोही हवा होता. ३०० मिमी रुंदीचं दृश्य, ३००० पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला १० पिक्सेल. आमच्या लाकडाच्या चित्रात मिलिमीटरला ३.४ च होते. प्रत्येक पिक्सेल तीन-तीनदा ताणला गेला आणि लाकूड धुक्यात असल्यासारखं दिसलं. चित्र लहान करून तीक्ष्ण दिसलं असतं, पण मग वलयं जेमतेम १.४ मिलिमीटरची झाली असती, आणि पुन्हा तेच खोटं. माप सोडायचं नाही असं ठरलं होतं. त्याऐवजी रंग तसाच ठेवून त्यावर फक्त छिद्रांचं एक बारीक उंची-चित्र `Bump`मधून चढवलं: ८० मिमीचं, २०४८ पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला २५. वलयं किंचित मऊ राहिली, पण छिद्रं टोकदार झाली, आणि जवळच्या फोटोत डोळा तीच शोधतो.

स्टीलवर या अंतरावर ओरखड्यांची चाहूल लागायला हवी होती, रेघा मात्र नकोत. `Noise Texture` हँडलच्या लांबीने जवळजवळ ३०० पट ताणून रफनेसमध्ये अगदी थोडा मिसळला. एवढ्यावर थांबलो. आणखी जवळ जायचं असेल तर नवा स्कॅन लागेल, हे त्यांना सांगून टाकलं.

पायांत एक खोट शिल्लक राहिली. चौकोनी पायाच्या लगतच्या दोन बाजू खऱ्या लाकडात एकमेकींशी बांधलेल्या असतात. एकीवर कमान असेल तर दुसरीवर सरळ रेघा, आणि कोपऱ्यावर प्रत्येक रेघ वळून पुढे जाते. सपाट चित्र चारही बाजूंना लावून हे पूर्ण जमत नाही. खरा उपाय म्हणजे त्रिमितीतलं लाकूड: केंद्रापासूनच्या अंतरावरून वलयं काढायची आणि पाय त्यातून कापून काढल्यासारखा दाखवायचा. पण तशा गणिती लाकडाला छिद्रं आणि गाठी बेताच्याच येतात. आम्ही चारही बाजूंना सरळ रेघांचा भाग दिला, म्हणजे विसंगती बोलकी राहत नाही.

नवं रेंडर मिस्त्रींना पाठवलं. पट्टीबद्दल, पायांबद्दल काही बोलले नाहीत. बराच वेळ झूम करून बघत होते.

"डावीकडून दुसरी आणि पाचवी फळी सारखी निघालीय. असली जुळी लाकडं मला कधी मिळत नाहीत."

बघितलं तर खरंच, दोन्ही फळ्यांवर तीच लहानशी गाठ होती, पाचवी उलटी केलेली असूनही. पाचवी फळी U मध्ये ०.३ ने सरकवली, गाठ चौकटीबाहेर गेली, आणि रेंडर रात्री पुन्हा लावलं.